काळा पडलेला सुळा

माझ्या दातांना कीड लागली आहे, हे मला सांगितलं कुणी? तर जिच्या जन्माच्या आधीपासून मी दात करतोय, त्या पोरीने. पोरगी म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला दवाखाना आहे तिथली डॉक्टर. वयाने माझ्या मुलीसारखी, मला काका म्हणते, आणि तोंडात आरसा घालून असं सांगते की उठून घरीच जावं.

मी स्वतः डॉक्टर नाही. मी कवळ्या करायचो. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवायचा, मी मेण चढवून त्यावर दात मांडायचे, मग ॲक्रिलिकमध्ये शिजवून, घासून, पॉलिश करून कवळी परत पाठवायची. एकेचाळीस वर्षं हेच केलं. रस्त्यावर सगळे मला कवळीवाले म्हणतात, खरं नाव आता विजेच्या बिलावर तेवढं उरलंय. दुकान बंद करून तीन वर्षं झाली, पण मागच्या गॅलरीत एक टेबल, एक हातातली मोटर आणि पॉलिशला लागणाऱ्या प्युमिस दगडाच्या पुडीचा डबा अजून ठेवलाय. रिकामा बसलो की माझं डोकं फिरतं.

माझे वरचे दात कधीच गेले. वर मीच केलेली कवळी आहे, आणि ती अशी बसते की शिंकलो तरी हलत नाही. खाली मात्र पुढचे आठ दात माझे स्वतःचे. ते मला हल्ली लांब दिसायला लागले होते. म्हातारपणी माणसाचं नाक वाढतं, कान वाढतात, तसे दातही वाढत असतील असं मी समजत होतो. हसू नका, मलाही नंतर फार लाज वाटली.

"दात वाढले नाहीत काका, हिरड्या खाली सरकल्यात," डॉक्टर म्हणाली. "हे जे पिवळट दिसतंय ना, ते मूळ आहे. वरच्या भागाला एनॅमलचं कवच असतं, मुळाला नसतं. त्यामुळे जरा आंबटपणा मिळाला की ते विरघळायला लागतं. दोन्ही सुळ्यांची मुळं मऊ झालीत."

"पण दुखत नाही मला काही."

"दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल. तोंड कोरडं पडतं का?"

पडतं. रक्तदाबाची एक गोळी आणि लघवीची एक, दोन्ही चालू झाल्यापासून जीभ टाळूला चिकटते. म्हणून मी दिवसभर पेपरमिंट चघळतो. हे मी अभिमानाने सांगितलं, कारण उपाय माझा मीच शोधला होता. तिने हातातला आरसा खाली ठेवला.

"गोड पेपरमिंट? दिवसभर?"

"खिशात असतातच. घ्या ना."

तिने घेतलं नाही. मग तिने समजावलं की साखर मिळाली की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. लाळ असली की ती ते धुऊन टाकते, आणि माझ्याकडे लाळच नाही. म्हणजे मी सकाळपासून रात्रीपर्यंत मुळांना आम्लात भिजत ठेवत होतो. मी म्हटलं, एकेचाळीस वर्षं दातांत गेली आणि हे मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही केलेल्या दातांना कीड लागत नव्हती ना काका." हे तिने चांगल्या अर्थाने म्हटलं की टोमणा मारला, ते मला आजही कळलेलं नाही.

त्यानंतर तिने जे जे सांगितलं त्याने माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. कारण एकूण एक गोष्ट उलटी होती. कडक ब्रश टाका, मऊ घ्या. जोर लावू नका. ही पेस्ट साध्या पेस्टच्या तीन-चार पट कडक आहे, हिच्यात पाच हजार फ्लोराइड आहे. दोन वेळा, बोटाच्या एका पेराएवढी लांब घ्या. घासून झालं की थुंका, पण चूळ भरू नका. अर्धा तास खाऊ-पिऊ नका. गिळू नका. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

"चूळ नाही भरायची? मग तोंडात ती तशीच राहील की!"

"राहिलीच पाहिजे. तेच औषध आहे."

मग तिने सुळे कापसाने कोरडे केले आणि बारीक ब्रशने त्यांच्या बुंध्याशी पिवळसर, चिकट काहीतरी लावलं. वार्निश. मी म्हटलं, वार्निश दाराला लावतात. ती हसली. आज संध्याकाळी ब्रश करू नका, गरम चहा नको, कडक काही चावू नका, उद्या सकाळी घासा, म्हणाली. दर तीन महिन्यांनी यायचं. मुळांवर अजून खड्डा पडलेला नाही, नुसता पृष्ठभाग मऊ आहे, म्हणून भरायची घाई नको. हे थांबवता येतं, कडक होऊ शकतं. मधे ती रंगाबद्दलही काही बोलली. माझं लक्ष तेव्हा तिच्या काचेच्या कपाटाकडे होतं. तिथे दुसऱ्या कुणीतरी केलेली एक कवळी होती, आणि तिच्या पुढच्या दातांची रांग सरळ सरळ वाकडी होती. असं काम बाहेर जातंच कसं, याचा विचार करण्यात तिचं अर्धं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणजे माझी बायको. औषधाची ट्यूब तिने वाचली, लहान मुलांपासून दूर ठेवा, आणि म्हणाली, "घरात लहान तुम्हीच. कुठे ठेवू?"

"ठेव कुठेही. मला नाही हा खटाटोप जमायचा," मी म्हटलं. "आठच दात राहिलेत. काढून टाकतो आणि तुझ्यासारखी छान कवळी करून घेतो. आपल्या घरात काय कमी आहे?"

हिच्या खालची-वरची अशा दोन्ही कवळ्या मीच केलेल्या. अकरा वर्षं झाली. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी हिच्या तोंडाकडे बोट दाखवायचो. लग्नकार्यात लोकांना सांगायचो, बघा, एक दात खोटा वाटतो का? ही हसून दाखवायची.

ही ट्यूब घेऊन आत गेली, बाहेर आली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"एक सांगू? रागवायचं नाही."

"सांग."

"खालची मी जेवताना काढते."

मला वाटलं, आज चुकून काढली असेल. "कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. वरची बसते हो, छान बसते. खालची जिभेवर तरंगते. घास चावला की उचलली जाते. म्हणून तर मी तुमच्या मागाहून जेवायला बसते. भाकरी आमटीत कुस्करून खाते. भाजलेला दाणा खाऊन मला अकरा वर्षं झाली."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही चौथ्यांदा करायला बसला असतात. तीनदा केली होतीत. तुम्ही इतके खूश होता. मला जिवावर आलं."

शेकडो लोक माझ्याकडे परत आलेले होते. कवळीवाले, खालची उडते हो. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं होतं, सवय होते. वरची टाळूला धरून बसते, खालच्याला धरायला जागाच नसते, हे मला माहीत होतं, आणि तरी मी म्हणत होतो की सवय होते. माझ्या घरात, माझ्या ताटाच्या मागे, ती सवय अकरा वर्षं झाली नव्हती. मला हिचा राग आला, मग माझा आला, मग कुणाचा आलाय तेच कळेना. त्या दिवशी मी हिला माझ्याबरोबर जेवायला बसवलं. तिने कवळी काढली, वाटीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता जेवली.

दुसऱ्या दिवसापासून मी ते आठ दात वाचवायचे असं ठरवलं. आठ म्हणजे खरं तर दोन. बाकीचे सहा नुसते उभे आहेत, आधार दोन सुळ्यांचाच. ते गेले की मी बशीत भाकरी कुस्करणार, आणि आता मला 'सवय होते' म्हणून फसवणारंही कुणी नव्हतं.

पेपरमिंट बंद केलं. पहिले आठ दिवस खिशात हात गेला की जीव कासावीस व्हायचा. हिने खिशात पाण्याची छोटी बाटली कोंबली, तोंड कोरडं पडलं की घोट घ्यायचा. पेस्टचं मात्र मला जमेना. घासून झालं की हात आपोआप तांब्याकडे जायचा. एकेचाळीस वर्षं मी प्रत्येक कवळी पॉलिश झाल्यावर वाहत्या पाण्याखाली धरलेली. पुडीचा कण राहिला तर हिरडीला टोचेल, हे माझ्या बोटांना पाठ. आणि इथे म्हणे फेस तोंडात राहू द्या. तिसऱ्या दिवशी ही न्हाणीघरातला तांब्याच उचलून घेऊन गेली.

"आता भरा चूळ," ती बाहेरून म्हणाली.

तीन महिन्यांनी गेलो तेव्हा डॉक्टरने टोकाशी गोल असलेली बारीक सळई मुळावर हलकेच फिरवली. "पहिल्यांदा चामड्यासारखं लागत होतं. आता घट्ट होतंय. मस्त काका!" पुन्हा वार्निश लावलं. त्या दिवशी मी रस्त्याने छाती काढून चाललो. वार्निशने दात पिवळे दिसत होते तरी दोन ओळखीच्या माणसांना हसून दाखवलं.

आणि मग पाचव्या महिन्यात सगळं बिघडलं. निदान मला तसं वाटलं.

दाढी करताना आरशात दिसलं की डाव्या सुळ्याच्या बुंध्याशी तपकिरी डाग आहे. उजव्यालाही आहे. पंधरा दिवसांत तपकिरीचा काळा झाला. आधी पिवळट होतं, मऊ होतं, पण काळं नव्हतं. एवढं पथ्य पाळलं, चूळ सोडली, पेपरमिंट सोडलं, आणि कीड काळीकुट्ट होऊन वर आली! मला काही सुधरेना. पेस्टनेच झालं की काय? पाच हजार म्हणजे जास्त झालं असेल. की मी घ्यायचो ती कमी पडली? हिला दाखवलं. ही म्हणाली, डॉक्टरला फोन करा.

फोन कसा करणार? ती म्हणेल, काढावे लागतील. दुसरं काय म्हणणार? मी साच्यांवर असे काळे बुंधे पाहिले नव्हते, साचा तर पांढऱ्या प्लास्टरचा असतो. पण कवळीत दाताच्या मानेशी काळं दिसलं तर त्याचा अर्थ मला ठाऊक होता. घाण राहिली, पॉलिश नीट झालं नाही. ते काढायचं कसं हे मला जगात सगळ्यात चांगलं येत होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी, दुपारी, ही शेजारी गेली असताना मी गॅलरीत बसलो. आरसा टेबलावर टेकवला. मोटरला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, बारीक टोपी लावली, प्युमिस पाण्यात कालवलं, खालचा ओठ डाव्या हाताने ओढून धरला आणि डाव्या सुळ्यापासून सुरुवात केली. लेचापेचा हात नाही माझा. एका ठिकाणी थांबायचं नाही, फिरवत राहायचं, तापू द्यायचं नाही, सगळं नीट केलं. हिरडीला जरा लागलं, रक्त आलं. पण काळं गेलं. पाण्याने धुऊन पाहिलं तर खाली छान पिवळसर रंग, अगदी नव्यासारखा. मला इतकं हलकं वाटलं! म्हटलं, उद्या तिला दाखवू, डाग गेलाही.

उजव्याला हात घालणार तर वीज गेली. मी विजेच्या कचेरीतल्या सगळ्यांच्या सात पिढ्या काढल्या. संध्याकाळपर्यंत आली नाही, तोवर ही परत आली. थंड पाण्याचा घोट घेतला तर डावीकडे मेंदूपर्यंत कळ गेली. मी हिला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने आधी उजवीकडे पाहिलं. दिवा जवळ घेतला, सळई फिरवली. तिचा चेहरा खुलला.

"काका, याची कीड तर थांबली! काचेसारखा कडक, चकचकीत. बघा, काळा झालाय."

"काळा झालाय हेच तर," मी म्हटलं.

"अहो काळाच होतो. कीड थांबली आणि मूळ पुन्हा घट्ट झालं की बऱ्याचदा असा रंग येतो. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रंगाला घाबरू नका, कडकपणा बघायचा."

वाकडी कवळी. काचेचं कपाट. ती हे सांगत होती तेव्हा मी तिकडे बघत बसलो होतो.

मग ती डावीकडे वळली. हवेचा फवारा मारला, मी खुर्चीतून उडालो. तिने आरसा फिरवून फिरवून पाहिलं.

"इथे काय झालं? इथे खाच आहे. हिरडी कापलीय. इथलं कडक झालेलं सगळं... कुणी केलं हे?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण कुणाचं नाव घेणार? माझ्याएवढ्या सफाईने प्युमिस फिरवणारा या भागात दुसरा माणूस नव्हता.

"मीच," मी म्हटलं. "मोटरने. मला वाटलं घाण आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातमोजे काढले, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "सहा महिने तुम्ही जे कमावलं तो वरचाच पातळ थर होता काका. त्याच्या खाली अजून मऊ आहे. ते आता उघडं पडलंय."

"मग जाणार हा?"

"माहीत नाही. आज खाच भरून घेते, फ्लोराइड सोडणारं सिमेंट आहे त्याने. पेस्ट चालू ठेवायची. तीन महिन्यांनी बघू धरलंय का. खात्रीने सांगता येत नाही."

मला खात्री हवी होती. हो किंवा नाही, काहीतरी एक. मी साऱ्या आयुष्यात माझं काम हातात धरून, उजेडाकडे करून, जमलं की नाही ते सांगू शकलो होतो. आणि या बाईला माझ्या तोंडातल्या दाताबद्दल सांगता येत नव्हतं, आणि चूक तिची नव्हती. तिने पुन्हा आ करायला लावलं तेव्हा माझे डोळे भरून आले. आ वासलेल्या माणसाला रडता येत नाही, नाकात पाणी जातं.

तिने डावा सुळा भरला. दोन्हींना वार्निश लावलं. मग उजव्याकडे बघत म्हणाली, "हा काळा दिसतो म्हणून तुम्हाला वाईट वाटत असेल तर वरून पांढरं लावून देता येईल. हसताना बरं दिसेल."

"नको," मी म्हटलं. "याला कुणी हात लावू नका. तुम्हीही नको."

बाहेर बाकावर ही बसली होती. माझा चेहरा पाहून उठून उभी राहिली.

"काय म्हणाली? दोन्ही गेले?"

"एक वाचलाय."

"कोणता?"

"ज्याच्यापर्यंत माझा हात पोचला नाही तो."

तिला काय झालंय ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो आपल्या हातात घेतला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.